नवा तांदूळ

खानापूरचा मित्र महिन्याभराची सुट्टी संपवून जानेवारीत स्टुटगार्टला परतला, तेव्हा त्याच्या सामानात संकेतसाठी दोन वस्तू होत्या. एक कुंद्याचा डबा आणि दुसरी, जुन्या साडीच्या कापडाची हाताने शिवलेली, तोंडाला सुतळी बांधलेली पिशवी. पिशवीत चार-साडेचार किलो तांदूळ होता. संकेतने सुतळी सोडली आणि बेळगावच्या बासमतीचा तो ओळखीचा वास खोलीभर पसरला. तांदळात वहीच्या पानाची एक घडी होती. अक्षर काकूचे होते : "आज्जीच्या शेतातला शेवटचा तांदूळ. सगळ्यांना वाटून दिला, तुझा वाटा तिने स्वतः मापून ठेवला होता."

"शेवटचा" हा शब्द त्याने दोनदा वाचला. यंदाच्या हंगामातला शेवटचा, असा अर्थ लावून पाहिला, पण तो त्याला स्वतःलाच पटला नाही. हंगामातला तांदूळ वाटताना "शेवटचा" असे कोणी लिहीत नाही.

मित्र बूट घालता घालता म्हणाला, "फार वाईट वाटलं रे ऐकून. पण तुझ्या संमतीनंच झालं म्हणे सगळं."

संकेत नेहमीप्रमाणे म्हणाला, "हो, हो." मित्र निघून गेला.

घरच्या ग्रुपचे नाव "शिवार" होते. येळ्ळूरच्या जुन्या घरात राहणारे थोरले काका-काकू, बेळगावात शहापूरला राहणारे त्याचे आई-अण्णा, निपाणीची आत्या आणि दोन्हीकडची चुलत-आते भावंडे असे एकोणीस जण त्यात होते. पहाटे साडेपाचपासून त्यात देवांची चित्रे येत, मग सुविचार, मग कोणाच्या तरी भाच्याच्या वाढदिवसाला अठरा शुभेच्छा. थोरल्या काकांना बोटाने लिहिणे जमत नसल्याने ते बोलून पाठवत, आणि तेही दिवसाला दहा-बारा वेळा. जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. त्यामुळे घरच्यांची सकाळ होई तेव्हा संकेतची मध्यरात्र उलटलेली असे. जूनमध्ये एकदा कचेरीतल्या महत्त्वाच्या बैठकीत त्याचा फोन टेबलावर सात वेळा थरथरला. त्या संध्याकाळी त्याने ग्रुप म्यूट केला. आठ तास, एक आठवडा आणि कायम अशा तीन पर्यायांतून त्याने "कायम" निवडले. न वाचलेल्या निरोपांचा वाढता आकडाही डोळ्यांना खुपू नये म्हणून तो ग्रुप अर्काइव्हमध्ये ढकलून दिला. यात त्याचा फार मोठा अपराध होता असे म्हणता येणार नाही. इतक्या दूर राहणाऱ्या कित्येकांनी हेच केलेले असते आणि आपापली झोप वाचवलेली असते.

मित्र गेल्यावर त्याने तो ग्रुप उघडला आणि ऑगस्टपर्यंत मागे गेला.

वडगावच्या शिवारातले एक एकर सहा गुंठे शेत आज्जीचे स्वतःचे होते. तिच्या वडिलांनी तिला ते चोळी-बांगडीसाठी म्हणून दिले होते. सासरच्या जमिनीचे हिस्से झाले, त्यावरून भाऊ-भाऊ वर्षभर अबोल राहिले, पण त्या तुकड्याला कोणी हात लावला नाही, कारण उताऱ्यावर तिचे एकटीचे नाव होते. उतारा कन्नडमध्ये. आज्जीला मराठी अक्षरेही जेमतेम जुळवता येत. मात्र मराठी शाळेतला संकेत कन्नड हा विषय शिकत असल्याने, सरकारी कागद घरात आला की ती त्याला चुलीशेजारी बसवून घेई आणि "वाच बघू, माझं नाव कुठं हाय?" असे विचारी. तो बोट ठेवून दाखवी. कन्नड लिपीतला तो एकच शब्द मग ती कुठेही ओळखू लागली होती.

त्या शेताशेजारून बळ्ळारी नाला जातो. पावसाळ्यात तो फुगला की जलपर्णी आणि शहरातले सांडपाणी घेऊन शिवारात शिरतो आणि लावणीचे भात दिवसेंदिवस पाण्याखाली कुजते. या ऑगस्टमध्ये तेच झाले होते. ग्रुपवर ओंकारने काढलेली छायाचित्रे होती : बांध दिसत नव्हता, शेत कुठे संपते आणि नाला कुठे सुरू होतो ते कळत नव्हते, आणि पाण्याच्या कडेला छत्री धरून आज्जी उभी होती. त्याखाली काकांचे बोलणे होते. आपल्याच्याने आता दुबार लावणी होत नाही, मजूर मिळत नाहीत, आणि प्लॉट पाडणारा एक जण चांगली किंमत देतो आहे.

त्यानंतर आज्जीचा आवाज होता. ओंकारच्या फोनवर बोललेली दोन मिनिटे एकेचाळीस सेकंद.

"संकेत, ऐकालास की? हे सगळे विकूया म्हणालेत. तुझे काका दमले, अण्णांची कंबर धरत्या, मला कळतंय की. पण संकेत, तू म्हणालतास न्हवं, मी परत येऊन इथं घर बांधणार म्हणून? लहान होतास, मला ठावं हाय. तरीपण विचारते. तुला पाहिजे असंल तर मी ठेवते. पडीक राहिलं तरी राहू दे, माझं हाय. संकेत, गणपती उठायच्या आत सांग. तू काय सांगशील ते मी ऐकते. न्हाई म्हणालास तरी राग न्हाई बघ, संकेत."

चार वेळा तिने त्याचे नाव घेतले होते. निरोपात कोणाच्या नावाआधी ते ठरावीक चिन्ह टाकून लिहिले, तर म्यूट केलेल्या ग्रुपमधूनही फोन त्या माणसाला जागे करतो. पण बोललेल्या नावाला तो यंत्र म्हणून काही किंमत देत नाही, आणि चिन्ह टाकून हाक मारण्याची रीत त्या एकोणीस जणांत कोणी वापरत नव्हते.

पुढे संकेत जसजसा खाली उतरत गेला, तसतसा त्याला एका रविवारचा दिवस आठवू लागला. गणपतीच्या दिवसांतला रविवार होता. तो बाजारहाट करून ट्राममधून परतत होता आणि आईचा फोन आला होता. मोदक किती केले, आरतीला कोण आले होते, हे झाल्यावर ती थोडी थांबली होती.

"ग्रुपवर बघितलास ना रे?"

"हो आई, बघितलं."

"मग? तुझं काही म्हणणं?"

"माझं काय असणार? तुम्ही ठरवाल ते."

"नीट विचार करून सांगतोयस ना? आज्जी वाट बघतेय."

"हो गं, सांग तिला, काही हरकत नाही म्हणून. माझा स्टॉप आला, ठेवू?"

कशाबद्दल विचारले जात आहे, याची त्याला कल्पना नव्हती. कोणाच्या तरी लग्नाची तारीख असेल, वर्गणी असेल, असे काहीतरी त्याने त्या क्षणी धरून चालले होते. "बघितलं नाही" म्हटले असते तर "ग्रुप का बघत नाहीस" हा प्रश्न आला असता आणि ते लांबले असते. त्या दिवशीच्या रात्री आईने ग्रुपवर लिहिले होते : "संकेतशी बोलले. त्याची हरकत नाही." खाली काकांनी हात जोडले होते. आत्याने विचारले होते, "तो स्वतः का लिहीत नाही?" आणि अण्णांनी उत्तर दिले होते, "त्याला वाईट वाटत असेल. कोणी त्याच्याकडे विषय काढू नका."

म्हणून दिवाळीच्या व्हिडिओ कॉलमध्ये कोणी विषय काढला नव्हता. आज्जी मागे बसून त्याच्याकडे नुसती पाहत होती. ती थकली असावी, असे त्याला तेव्हा वाटले होते.

दिवाळीनंतर खरेदीखताचे कागद ग्रुपवर आले होते. सहा पाने, सगळी कन्नड. ओंकारने खाली लिहिले होते : "आज्जी म्हणते, संकेतने वाचून बघितल्याशिवाय मी अंगठा देणार नाही." दुसऱ्या दिवशी : "संकेतदादा, वेळ मिळाला का?" तिसऱ्या दिवशी : "जाऊ दे, ऑफिसातल्या लेखनिकाने वाचून दाखवले." नंतर सुगीची छायाचित्रे होती. पाण्यातून वाचलेले अर्धे शेत कापले होते, खळ्यावर रास होती, आणि उभे पीक काढून मगच ताबा द्यायचा अशी अट आज्जीने घातली होती, हे काकांच्या एका बोलण्यातून कळत होते.

संकेतने पहिले पान मोठे करून पाहिले. तिसऱ्या ओळीत आज्जीचे नाव होते. लिहिताना त्यातली एक मात्रा चुकली होती. त्याने वाचले असते तर ती दुरुस्त झाली असती. एवढ्या सगळ्यात त्याला त्या मात्रेचेच का लागून राहावे, हे त्याला सांगता आले नसते.

त्याने ओंकारला फोन लावला. येळ्ळुरात रात्रीचे साडेआठ वाजले होते.

"आज्जी झोपली का?"

"जेवून बसल्या. देऊ?"

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

"तांदूळ पोचला की?" आज्जीने विचारले.

"पोचला. आज्जी, तू ऑगस्टमध्ये बोललेलं मी आत्ता ऐकलं. आज. तोपर्यंत मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. दूर टीव्हीचा आवाज येत होता आणि तो कोणीतरी बंद केला.

"मग आईला हो कशाला म्हणालास?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडले. ट्राम, स्टॉप, कचेरी, झोप, काकांचे दहा-बारा निरोप, ही सगळी कारणे खरी होती, पण तिच्यापुढे मांडता येईल असे त्यांतले एकही नव्हते.

"आज्जी, मी..."

"जेवलास?"

"नाही अजून."

"मग घाल की त्यातलाच. नवा तांदूळ हाय, पाणी बेतानं घाल. कुकरात घालू नको, लगदा हुतोय. पातेल्यात शिजव. मी हाय फोनवर."

त्याने फोन ओट्यावर टेकवून ठेवला. दोन मुठी तांदूळ धुतले, बोटाच्या पेराने पाणी मापले, चूल बारीक केली आणि झाकण ठेवले. आज्जी मधूनच काही विचारत होती. बाहेर बर्फ आहे का? अंगात जाड काही घातले आहे का? शेताचा विषय तिने काढला नाही. एकदा कागदावरच्या मात्रेबद्दल सांगावे असे त्याच्या मनात आले, पण ते आता सांगून तिला फक्त त्रास झाला असता.

"झालं असंल बघ आता," ती म्हणाली. "वास येतोय का पहिल्यासारखा?"

"हो" हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. तो थांबला. खुर्चीवरून उठला, ओट्यापाशी गेला आणि झाकण उचलून वाफेत तोंड घातले. चष्म्यावर धुके जमून त्याला काही दिसेनासे झाले. पलीकडे आज्जी न बोलता वाट पाहत होती.

"येतोय," तो म्हणाला.