वारंवार बंद केलेल्या ब्रॉडबँड तक्रारींबाबत अपील

अरविंद केशव देवधर
दांडिया बाजार, वडोदरा ३९०००१
दिनांक : ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
माननीय अपील अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : ग्राहक क्रमांक BRD-117-20946, १०० एमबीपीएस फायबर जोडणी. २० जूनपासूनच्या पाच तक्रारी दुरुस्ती न होताच बंद केल्याबद्दल अपील.

महोदय/महोदया,

स.न.वि.वि.

आमच्या घरची फायबर लाइन पाऊस पडला की तुटते आणि पाऊस उघडून एक-दोन दिवस गेले की पूर्ववत होते. पावसाळा सुरू झाल्यापासून हेच चालू आहे. दर वेळी मी तक्रार केली, दर वेळी तिला क्रमांक मिळाला आणि दर वेळी ती बंद झाली. बिघाड जिथे आहे असे मोजमापावरून दिसते, ती रस्त्यावरची पेटी आजवर एकदाही उघडली गेलेली नाही. हे अपील त्या पेटीसाठी आहे, आणि तक्रार बंद करण्याच्या तुमच्या पद्धतीबद्दलही आहे. तुमच्या ग्राहक सेवेत मराठीचा पर्याय आहे, म्हणून मराठीतून लिहितो आहे.

तक्रारींचा तपशील असा :

२० जून, BRD-2506-41873. संध्याकाळी सतत खंड पडतो म्हणून नोंदवली. कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर राउटर बंद करून चालू करायला सांगितले आणि ११.४० ला संदेश आला : वाय-फायची अडचण, ग्राहकास सल्ला दिला. मी त्याच फोनवर स्पष्ट सांगितले होते की लॅपटॉप केबलने जोडलेला आहे, वाय-फायचा इथे संबंधच नाही.

२८ जून, BRD-2506-52260. ३० तारखेला तंत्रज्ञ आला. ऊन होते, लाइन उत्तम चालत होती. त्याने राउटर बदलला आणि तक्रार बंद झाली. त्याच रात्री पावसात लाइन पुन्हा गेली.

९ जुलै, BRD-2507-08914. १० जुलैला बंद. कारण : ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही. मी दोन्ही दिवस घरी होतो. नोंदणीकृत मोबाइलवर तुमच्याकडून एकही फोन आलेला नाही. फोनच्या कॉल यादीची प्रत जोडली आहे.

१८ जुलै, BRD-2507-17745. २० जुलैला दुपारी तीनच्या सुमारास तंत्रज्ञ आला. ओएनटी बदलला, पॉवर मीटर लावून -२१.९ डीबीएम आकडा दाखवला आणि तक्रार बंद करण्यासाठी ओटीपी मागितला. आकडा चांगलाच होता, कारण दोन दिवस पाऊस नव्हता. मी म्हटले, एकदा पाऊस पडू दे, मग ओटीपी देतो. त्याला ते पटले आणि तो गेला. रात्री ८.१२ ला तक्रार सोडवल्याचा संदेश आला. ओटीपी मी दिलेला नाही, तो आजही माझ्याच फोनमध्ये आहे.

२७ जुलै, BRD-2507-29031. २ ऑगस्टला बंद. कारण : आधीच्या तक्रारीची पुनरावृत्ती. आधीच्या चारही तक्रारी तुमच्या दफ्तरी सोडवलेल्या म्हणून बंद आहेत. मग ही कोणत्या चालू तक्रारीची पुनरावृत्ती?

आता मोजमाप. मी अठ्ठावीस वर्षे एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काम केले आहे, त्यामुळे 'स्लो चालतंय' एवढ्यावर मी थांबणार नव्हतो. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. ती मी कोरड्यात आणि पावसात दोन्ही वेळा नोंदवली. त्याच वेळी केबल लावलेल्या लॅपटॉपवर वेगही मोजला.

१२ जुलै, दुपारी ४, कोरडे : -२२.१ डीबीएम, वेग ९४ एमबीपीएस.
१२ जुलै, रात्री ८.४५, तासभर पावसानंतर : -२७.९ डीबीएम, वेग ११.३ एमबीपीएस.
२४ जुलै, रात्री ९.१०, जोराच्या पावसात : -२८.६ डीबीएम, लॉसचा लाल दिवा, ४७ मिनिटे जोडणी पूर्ण बंद.
२६ जुलै, संध्याकाळी ५, पाऊस उघडल्यावर : -२२.४ डीबीएम, वेग पुन्हा ९४.

यातली १२ जुलैची नोंद जुन्या ओएनटीवरची आहे आणि २४ जुलैची नव्यावरची. उपकरण बदलले, आकड्यांची चाल तीच राहिली. या प्रकारच्या ओएनटीला साधारण -२७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश पुरतो, त्याखाली चुका वाढत जातात आणि शेवटी जोडणी सुटते. -२२.१ वरून -२८.६ म्हणजे साडेसहा डेसिबलची घट. येणारा प्रकाश चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी झाला. घरातल्या राउटरने किंवा वाय-फायने असे होत नाही.

घरातली बाजू नीट आहे हे वेगळे तपासले. १२ जुलैच्या त्या रात्रीच, एकापाठोपाठ एक :

```
ping -n 200 192.168.1.1    Lost = 0 (0% loss)
ping -n 200 8.8.8.8        Lost = 31 (15% loss)
```

पहिली ओळ लॅपटॉपपासून तुमच्या ओएनटीपर्यंतची आहे. तिथे एकही पॅकेट हरवले नाही. जे हरवते ते ओएनटीच्या पलीकडे.

पलीकडे नेमके कुठे, याचाही अंदाज येतो. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तुमचीच जोडणी आहे आणि दोन्ही तारा समोरच्या खांबावरच्या एकाच पेटीतून येतात. २४ जुलैला आमच्याकडे लाल दिवा लागलेला असताना मी खाली जाऊन त्यांच्या संमतीने त्यांचा आकडा पाहिला. तो -२१.७ होता आणि त्यांच्याकडे टीव्ही व्यवस्थित चालू होता. म्हणजे पेटीपर्यंत येणारी मुख्य लाइन ठीक आहे. दोष त्या पेटीतल्या आमच्या जोडात, किंवा पेटीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या आमच्या तारेत.

ती पेटी आमच्या गॅलरीतून समोर दिसते. तिचे झाकण एका बाजूने निघालेले आहे. कोणीतरी त्यावर काळी प्लॅस्टिकची पिशवी सुतळीने बांधली होती, तीही आता खालून फाटली आहे. पाऊस पडला की पाणी पिशवीत साठते आणि आतल्या हिरव्या कनेक्टरपैकी दोन त्यात बुडालेले दिसतात. फोटो जोडले आहेत, तारीख-वेळ फोटोवर आहे. तुमच्या दोन्ही तंत्रज्ञांना मी गॅलरीत नेऊन हे दाखवले. दोघांनी सांगितले की खांबावरचे काम शिडीवाल्या वेगळ्या टीमचे असते, आम्हाला फक्त घरातले काम दिलेले आहे. मुले नम्र होती, कामही मन लावून केले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्यावर कारवाई होऊ नये. ज्याला पेटी उघडायची परवानगी नाही त्यालाच पुन्हा पुन्हा पाठवणे आणि तो परतला की काम झाले असे धरणे, हा निर्णय वरचा आहे.

आमच्या कारखान्यात बिघाडाचे कार्ड ज्याने भरले त्याची सही झाल्याशिवाय बंद होत नसे. दुरुस्त करणाऱ्याने आपल्या मनाने बंद केले तर त्याला जाब विचारला जाई, कारण बिघडलेला मापक चालू दाखवणे धोक्याचे असते. तुमच्याकडे ओटीपीची सोय याच कारणासाठी असावी. ती डावलून तक्रार बंद होत असेल, तर तुमच्या वरिष्ठांपर्यंत जाणारे आकडेही खोटे ठरतात. तुमच्या नोंदीत माझे घर पाच वेळा दुरुस्त झालेले आहे.

या जोडणीवर माझ्या पत्नीचे काम चालते. ती इथल्याच संगीत महाविद्यालयात शिकलेली आहे आणि आता ऑनलाइन गायन शिकवते. लंडनमधली मुले शाळेतून घरी आली की वर्ग असतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला. मुलगी विलंबित ख्याल म्हणत समेकडे येते आणि नेमका आवाज तुटतो. पुन्हा येतो तेव्हा आवर्तन पुढे गेलेले असते. चूक मुलीची की लाइनची, हे पत्नीला कळत नाही, आणि गुरूला ते कळले नाही तर शिकवणे तिथेच थांबते. जुलैत दोन विद्यार्थिनींनी वर्ग सोडला. दरमहाचे बिल मात्र, ७९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी मिळून ९४३ रुपये, वेळेवर येते आणि मी ते वेळेवर भरतो.

माझ्या मागण्या :

खांबावरची पेटी उघडून आमचा जोड आणि गरज असल्यास घरापर्यंतची संपूर्ण तार बदलावी, पेटीला नवे झाकण बसवावे, आणि ओटीडीआर चाचणीचा निकाल मला लेखी द्यावा. हे २५ ऑगस्टच्या आत व्हावे. २७ तारखेला गणेश चतुर्थी आहे. त्या खांबाला लागूनच मंडळाचा मांडव उभा राहतो, मग विसर्जनापर्यंत तिथे शिडी लावता येणार नाही.

दुरुस्तीनंतर निदान एक पाऊस पडून गेल्यावर प्रकाशाची पातळी पुन्हा पाहावी, आणि माझ्या ओटीपीशिवाय तक्रार बंद करू नये.

BRD-2507-17745 ओटीपीविना कशी बंद झाली आणि BRD-2507-08914 मध्ये कोणत्या वेळी कोणत्या क्रमांकावर संपर्काचा प्रयत्न झाला, याचा लेखी खुलासा द्यावा.

२० जूनपासून दुरुस्ती होईपर्यंतचे भाडे पुढील बिलातून वजा करावे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या ग्राहक तक्रार निवारण नियमांनुसार हे अपील मुदतीत आहे. शेवटची तक्रार २ ऑगस्टला बंद झाली, तेव्हापासून ३० दिवस झालेले नाहीत. त्याच नियमांनुसार अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत, म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंत, अपेक्षित आहे. अपिलाचा नोंदणी क्रमांक कृपया ईमेलने कळवावा. निर्णय झाला नाही तर मी केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे, आणि नंतर वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही. जोडणी बदलायचीही नाही, कारण कोरड्या दिवसांत तुमची लाइन खरोखर चांगली चालते.

पेटी उघडायला टीम येईल तेव्हा आदल्या दिवशी कळवावे. मी सकाळी आठपासून घरी असतो, आणि खालच्या दुकानदाराशी शिडी लावण्याबद्दल बोलून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
अरविंद केशव देवधर

सोबत : पाचही तक्रारींचे संदेश, ९ व १० जुलैची कॉल यादी, ओएनटीच्या पानाचे व वेगचाचणीचे चार स्क्रीनशॉट, पिंगच्या संपूर्ण नोंदी, पेटीचे फोटो, जून व जुलैच्या बिलांच्या पावत्या.