बाणेरच्या ऑफिससाठी फर्निचरचं कोटेशन हवंय (सुधारलेली यादी)

नमस्कार साहेब,

काल घाईत व्हॉट्सअपवर जी यादी पाठवली ती कृपया धरू नका, त्यात 'टेबल-खुर्ची १८' असं एकत्रच लिहिलं होतं, आणि ड्रॉवर टेबलाखाली हवेत तिथे 'टेबलावर' पडलं होतं. आज दोघांनी बसून सगळं तपासलंय, रेट याच्यावरूनच काढा.

कामाची टेबलं १८ नग. प्रत्येक ४ फूट लांब, २ फूट रुंद, अडीच फूट उंच. वरची फळी २५ एमएम प्रीलॅम, पाय लोखंडी पावडर कोटिंगचे, वायरसाठी प्रत्येकी १ भोक. कडेला २ एमएमची पट्टी मशीनवर चिकटवलेलीच हवी, हे मुद्दाम सांगतेय कारण आधीच्या टेबलांची पट्टी वर्षभरात सुटली, चहा सांडला की पाणी आत जायचं आणि फळी कोपऱ्यात पोळीसारखी फुगायची. रंग फिकट लाकडी, शेडकार्ड सोबत पाठवा.

टेबलाखाली ठेवायचे चाकांचे ड्रॉवर युनिट १८ नग, प्रत्येकात ३ कप्पे, वरच्या कप्प्याला कुलूप.

फिरत्या खुर्च्या २० नग, म्हणजे १८ टेबलांना १८ आणि २ जादा. पाठ जाळीची, कमरेला आधार, हात असलेल्या, उंची गॅसवर कमी-जास्त होणाऱ्या. माणसं दिवसाचे आठ-नऊ तास बसतात, तेव्हा सीटचा फोम स्वस्तातला नको, १ खुर्ची आधी बसून बघायला पाठवलीत तर फार बरं होईल.

मीटिंग टेबल १ नग, ८ फूट बाय ४ फूट, आणि त्याला न फिरणाऱ्या खुर्च्या ८ नग. या ८ वरच्या २० मध्ये धरू नका, एकूण खुर्च्या २८. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट लहान, ८ फुटांची अख्खी फळी आत जाणार नाही, जिनाही अरुंद, त्यामुळे टॉप २ तुकड्यांत करून इथे जोडावा लागेल.

लोखंडी कपाटं ३ नग, दोन दारांची, साडेसहा फूट उंच, आत ४ फळ्या.

रेट प्रत्येक नगाचा वेगळा आणि एकूण वेगळा लिहा. जीएसटी, गाडीभाडं, वर चढवायची हमाली आणि फिटिंग हे रेटमध्ये धरलंय की वरून लागणार ते स्पष्ट असू दे, मागे एका ठिकाणी हमालीवरून माल गाडीत असताना वाद झाला होता. गॅरंटी कशावर किती महिने, अ‍ॅडव्हान्स किती टक्के, तेही लिहा.

कोटेशन ५ ऑगस्टपर्यंत मिळावं, माल २५ ऑगस्टपर्यंत, कारण गणपतीत शहरात टेम्पो आणणं अवघड होतं. मापं बघायला यायचं असेल तर सोमवार ते शुक्रवार ११ ते ५ मध्ये कधीही या, येण्याआधी फक्त एक फोन करा.

आपली,
खरेदी विभाग, बाणेर ऑफिस, पुणे