कालरेषा उपक्रमाचे नियोजन : इयत्ता सातवी, इतिहास (सातारा तालुका)

वर्गाच्या भिंतीवर दोरी बांधून 1659 ते 1674 ही वर्षे समान अंतरावर दाखवावीत; रिकाम्या वर्षांची जागाही सोडावी, कारण दोन घटनांमधील अंतर डोळ्यांना दिसणे हाच कालक्रमाचा गाभा आहे. गटांनी प्रतापगड (1659), शायिस्ताखानावरील छापा (1663), सुरतेची स्वारी (1664), पुरंदरचा तह (1665), आग्र्याहून सुटका (1666) आणि राज्याभिषेक (1674) या चिठ्ठ्या लावाव्यात. प्रतापगड आपल्याच जिल्ह्यातला असल्याने सुरुवात तेथूनच करावी.

खरा वेळ यानंतर द्यावा. शायिस्ताखानाच्या तळामुळे पुणे परिसराची झालेली हानी, ती भरून काढण्यासाठी सुरत, त्यामुळे चिडलेल्या औरंगजेबाने धाडलेला जयसिंग आणि अखेर तेवीस किल्ले देणारा तह, ही साखळी मुलांनी लाल दोऱ्याने जोडावी आणि प्रत्येक दोऱ्याचे कारण पूर्ण वाक्यात लिहावे. शाहजहानच्या मृत्यूची चिठ्ठी (1666) मुद्दाम द्यावी. ती आग्र्याच्या सुटकेजवळ लागेल, परंतु केवळ आधी घडल्याने ती सुटकेचे कारण ठरत नाही, हे मुलांनीच वाद घालून ठरवावे. शिक्षकांनी उत्तर देण्याची घाई करू नये. गुण तारखांच्या पाठांतराला नव्हे, कारणाच्या वाक्याला द्यावेत.