चिमीचं दिवसभराचं खाणं-पिणं: साडेसहा महिन्यांची, वेचणीचे दिवस

दादा, वैनी,

दवाखान्यातल्या तक्त्याचा फोटो मिळाला. मोठा करून दोनदा वाचला. वेळापत्रक खाली लिहिलंय, पण आधी एक गोष्ट. दादा, तू काल फोनवर म्हणालास की तक्त्यात "दूध 500 मिली" आहे, म्हणून गाईचं दूध सुरू केलं. ते आजपासून बंद कर. तक्त्याला मधोमध घडी पडली आहे आणि तिथे ओळ खाली सरकल्यासारखी दिसते. 500 मिलीवाला रकाना 1 वर्षानंतरचा आहे. आपल्या चिमीच्या रकान्यात, म्हणजे 6 ते 8 महिन्यांच्या, दुधापुढे फक्त "आईचं, मागेल तेव्हा" एवढंच लिहिलंय. गाईचं दूध प्यायला एक वर्ष झाल्यावर. चूक तुझी नाही, फोटोत घडी तशीच आली आहे. आईला सांगायला मात्र तूच जा, माझं ती ऐकत नाही.

दुसरी गोष्ट, वाटी. तक्त्यातली वाटी 250 मिलीची. आपल्या घरची स्टीलची वाटी तेवढी नाही. दिवाळीला आले तेव्हा औषधाच्या 10 मिलीच्या झाकणाने मोजली होती, 15 झाकणांत भरली. म्हणजे 150 मिली. तक्त्यात "अर्धी वाटी" म्हटलं की आपल्या वाटीत ती काठाला थोडी कमी अशी भरेल. पण तो पल्ला आहे, आजचं माप नाही. तिचं खाणं सुरू होऊन दहाच दिवस झालेत. आज पोहे खायच्या मोठ्या चमच्याने 3 चमचे, ती तोंड उघडतेय तोवर आणखी एखादा. तोंड फिरवलं की थांबायचं, मागे लागायचं नाही.

आता वेळा. वैनी नऊला वावरात जातात आणि दुपारी एकला घरी येतात, ते धरून लावल्या आहेत.

सकाळी 6: अंगावर पाजणं. दोन्हीकडे, घाई न करता. रात्रीतून ती दोन-तीनदा उठते तेव्हाही पाजायचंच, ते या हिशोबात धरलेलं नाही.

8 वाजता: पहिलं खाणं, मूगडाळीची खिमटी. 2 चमचे तांदूळ, 1 चमचा मूगडाळ, धुवून वाळवलेली आणि मंद आचेवर थोडी भाजलेली, कुकरमध्ये एकदम मऊ शिजवायची. मिक्सरला लावू नका. चमच्याच्या पाठीने ताटलीत रगडा आणि अर्धा चमचा तूप घाला. वैनी, पाणी घालून घालून पातळ करायचा मोह होतो, कारण ती पटकन गिळते. पण पातळ पेजेने पोट भरतं, अंगी काही लागत नाही. चमचा आडवा धरला तर खिमटी चमच्यातच राहिली पाहिजे, ओघळली तर पातळ झाली. मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही. आपल्याला अळणी लागेल, तिला अळणी म्हणजे काय तेच ठाऊक नाही.

8:30: अंगावर. त्यानंतर वैनी, साबणाने हात धुऊन थोडं दूध हाताने काढून ठेवा. उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत, वर झाकण, माठाजवळच्या गारव्याला. चार तासांच्या आत संपलं पाहिजे. उरलं तर फेकायचं, परत तापवायचं नाही.

11 वाजता: आईने हे दूध वाटी-चमच्याने पाजायचं. बाटली नको. बाटलीचं निपल कितीही धुतलं तरी आत चिकट राहतंच, आणि जुलाब तिथूनच सुरू होतात.

1:15: वैनी घरी आल्या की अंगावर. कापसावर फवारणी चालू असेल त्या दिवशी आधी कपडे बदला, हात आणि तोंड साबणाने धुवा, मग पोरीला घ्या. परत वावरात जाण्याआधी, दीड-पावणेदोनला, सकाळसारखंच थोडं दूध काढून ठेवा.

4 वाजता: दुसरं खाणं, आईच्या हातून. कोहळं किंवा बटाटा वाफवून कुस्करलेला, नाहीतर पिकलं केळं. कोणतंही नवं खाणं एकेकटंच सुरू करायचं आणि तीन दिवस तेच ठेवायचं, म्हणजे काही सोसलं नाही तर कशाने ते कळतं. या आठवड्यात कोहळं. खाणं ताजं करायचं, दुपारचं उरलेलं चारला द्यायचं नाही. सोबत उकळून गार केलेलं पाणी, दोन-चार चमचे, बास. त्यानंतर लगेच दुपारचं काढलेलं दूध.

6:15: वैनी आल्यावर अंगावर.

7:30: तिसरं खाणं, हे पुढच्या सोमवारपासून. तक्त्यात दिवसाला 2 ते 3 वेळा म्हटलंय, आता दोनच पुरेत. तिसऱ्या वेळी तुरीच्या वरणात भात कालवून, फोडणीच्या आधी काढलेला. नऊ महिने होईस्तोवर हाच क्रम, फक्त माप वाढवत न्यायचं.

8:30: अंगावर, आणि झोप.

आई, हे तुझ्यासाठी, दादा वाचून दाखवेल. चहात बुडवलेलं बिस्कीट तिला देऊ नको. "तुम्हाला दिलं, मेलात का" हे मला पाठ आहे. चहाने खाण्यातलं लोह अंगी लागत नाही. मध तर बोटावरही नको, एक वर्ष होईपर्यंत. त्यातल्या जंतूंनी लहान लेकराचं अंग लुळं पडू शकतं. आणि शेंगदाणा, फुटाणा, डाळिंबाचा दाणा तिच्या हाती लागू देऊ नको. घशात अडकला तर दवाखाना बारा किलोमीटर आहे.

आता जे वाचता आलं नाही ते. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात, थेंबांच्या ओळीवर दादा, तुझ्या अंगठ्याची सावली पडली आहे. तिथे "0.5" आहे की "5", मला कळत नाही. मी अंदाजाने सांगणार नाही, तूही सांगू नको. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. उद्या सकाळी बाटली घेऊन उपकेंद्रात सिस्टरांना विचार, तोवर तो डोस देऊ नको, एका दिवसाने काही बिघडत नाही. आशाताई लोहाचं औषध देतील ते वेगळं, त्यांनाही बाटली दाखव म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळणार नाहीत.

जुलाब लागले तरी अंगावरचं पाजणं थांबवायचं नाही, ओआरएस चमच्याने द्यायचं. ती पाजायला घेतलं तरी ओढत नसेल, फार सुस्त पडली असेल, किंवा सहा तासांत लंगोट ओला झाला नसेल तर वाट पाहू नका, 108 लावा.

नऊ महिने झाले की रकाना बदलतो, खाणं तीन-चार वेळा. त्याच वेळी गोवर-रुबेलाची लस आणि जीवनसत्त्व अचा डोस आहे, कार्ड सोबत न्या. तेव्हाचं वेळापत्रक मी तेव्हा लिहून देईन, आत्ताच ओढून लावू नका.

आणि दादा, फोटो परत काढ. ट्यूबलाइटखाली नको, दाराच्या उजेडात. घडी उलगडून, वर-खाली दोन वाट्या ठेव म्हणजे कागद सपाट राहील, आणि अंगठा बाजूला.