पुनर्विकासाच्या प्रस्तावाबद्दल ज्येष्ठ सभासदांशी

नमस्कार. मागच्या खुर्च्यांवर ऐकू येतंय ना? पंखा बंद करा हो जरा, त्याची घरघर फार आहे.

आधी एक सांगते, आज कुणाचीही सही घेणार नाही. कागदच आणलेला नाही. चार दिवस जिन्यात जी कुजबुज चालली आहे, तिला उत्तर द्यायला बोलावलंय.

आपली इमारत १९७४ ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अजून दोरीला टोपली बांधून दूध वर घेतात, ते पार्ल्यात शोभून दिसतं. पण गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या दिवाळीलाही खाली आलेल्या नाहीत. जूनमध्ये दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजचा गिलावा पडला, तेव्हा आतली सळई मी हाताने चाचपली, गंजाचे पापुद्रे बोटाला लागले. तरी खरं तेच सांगते, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये आपण सी-२बी आहोत. म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती होऊ शकते. 'उद्या इमारत पडेल' असं सांगून कुणी घाबरवत असेल तर ऐकू नका. फक्त ही दुरुस्ती आपल्या खिशातून होणार आणि लिफ्ट तरीही नसणार.

आता प्रस्ताव. आपलं घर ४२० चौरस फूट कार्पेट, त्यावर तीस टक्के जास्त, म्हणजे ५४६ चौरस फूट, विनामूल्य. पलीकडच्या उपनगरात पन्नास टक्के मिळतात, मग आपल्याला का नाही, असं पहिल्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं. बरोबर आहे. पण आपण विमानतळाला खेटून आहोत. उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे विकायला वरचे मजले कमी. आकडा मोजताना एकच बघा, तो रेरा कार्पेटचा आहे की बिल्टअपचा. लेखी ऑफरमध्ये कार्पेट असं लिहून घेतलंय.

भाडं. महिना चौरस फुटाला ११० रुपये, म्हणजे ४६,२००. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ, ५०,८२०. दलाली आणि सामान हलवायचा खर्च वेगळा. पहिल्या अकरा महिन्यांचे चेक चावी देण्याआधी हातात. पुढचे चेक थकले तर काय, हा तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी बँक गॅरंटी आहे. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयात ती प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के सांगितली आहे, आणि त्याखाली आपण उतरणार नाही. शिवाय भाडं ठरलेल्या तीस महिन्यांपुरतं नाही, भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत. या भाड्यावर टीडीएस कापायचा नाही, असं २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलंय.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना घर द्यायला मालक कां-कू करतात, हे मला माझ्या आईच्या वेळी कळलं. तीन ठिकाणी 'वय किती?' विचारून फोन ठेवला होता. म्हणून कमिटीतले दोघेजण फक्त याच कामाला नेमले आहेत. तुमचं भाड्याचं घर ठरल्याशिवाय तुमची चावी आम्ही मागणार नाही.

'मधेच आमचं काही झालं तर?' हे आजोबांनी हळूच विचारलं, पण सगळ्यांच्या मनात तेच आहे. प्रत्येक सभासदाशी पर्यायी घराचा स्वतंत्र करार होईल आणि तो नोंदणीकृत असेल. त्यात तुमच्या फ्लॅटचा नंबर, मजला, क्षेत्रफळ. वारसांना जुन्या घरात जो हक्क, तोच नव्यात. पण नामनिर्देशनाचा फॉर्म बावीस जणांचाच आहे, दहा जणांचा नाही. तो या आठवड्यात भरा, पुनर्विकास होवो न होवो.

एक गोष्ट बिल्डर सांगत नाही, ती मी सांगते. मेंटेनन्स वाढेल. आज २,८०० भरतो, लिफ्ट, पंप, सिक्युरिटी धरून सात हजारांच्या घरात जाईल. कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, घरटी पाच लाख. ते मुदत ठेवीत ठेवले आणि साडेसहा टक्के धरले, तरी महिन्याला सत्तावीसशेच्या आसपास येतात. उरलेला भार पेन्शनवर. म्हणून कॉर्पस वाढवून मागायचा माझा आग्रह आहे, दोन-चार फूट कमी मिळाले तरी चालतील. तरुण सभासदांना हे पटत नाही, ते आज इथे नाहीत म्हणून मागे बोलते असं नको, त्यांच्यासमोरही बोलले आहे.

बिल्डरची निवड विशेष सभेतच होईल. दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी बसेल, व्हिडिओ चित्रीकरण होईल. त्याआधी घरी येऊन कुणी 'नुसती संमती आहे' म्हणत कागद पुढे केला, तर चहा द्या, सही देऊ नका. मला खालून हाक मारा.

येत्या रविवारी आर्किटेक्ट नकाशे घेऊन येतील. बाथरूममध्ये धरायला दांडा कुठे हवा, ते तेव्हा त्यांना तुम्हीच सांगा. आता काका, तुमचा हात मघापासून वर आहे. बोला.