मे महिन्याचा आराखडा: अ‍ॅप काढायची, खाती ठेवायची

मुक्काम कऱ्हाड, २६ एप्रिल २०२६. या आराखड्याची एक प्रत माझ्या वहीत आणि दुसरी वहिनीकडे राहील.

शुक्रवार, १ मे ते शनिवार, ३० मे या तीस दिवसांत माझ्या फोनवर इन्स्टाग्राम, थ्रेड्स, फेसबुक आणि एक्स ही चार अ‍ॅप असणार नाहीत. चारही खाती मात्र जशीच्या तशी राहतील. १९ ते २५ एप्रिल या आठवड्यात फोनच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये या चौघांची मिळून १५ तास १० मिनिटे नोंदली गेली, त्यांतील निम्म्याहून अधिक वेळ एकट्या इन्स्टाग्रामचा होता. शाळेला सुट्टी असल्यामुळे हा महिना निवडला आहे. परंतु नेमक्या याच महिन्यात वहिनीच्या कुरडया, सांडगे आणि पापडांच्या ऑर्डर आमच्या इन्स्टाग्राम खात्यावर आणि फेसबुक पेजवर येतात. त्यामुळे नुसते अ‍ॅप काढून मोकळे होता येणार नाही. अ‍ॅप काढल्याने माझे पाहणे थांबते, पण माझ्या नावाचे दार उघडेच राहते आणि लोक येऊन कडी वाजवत राहतात. म्हणून या आराखड्याचा मोठा भाग आधीच्या चार दिवसांचा आहे.

खाते तात्पुरते बंद करण्याचा, म्हणजे Deactivate करण्याचा पर्याय मी विचारपूर्वक बाजूला ठेवला आहे. हा शब्द सगळीकडे एकच दिसला तरी त्याचा अर्थ सगळीकडे एक नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तात्पुरते बंद केलेले खाते आपण परत येईपर्यंत झाकलेले राहते, तर एक्सवर Deactivate करणे ही खाते कायमचे काढण्याची पहिली पायरी असते आणि ३० दिवसांत पुन्हा लॉगिन केले नाही तर खाते जाते. महिनाभराची सुट्टी घेणाऱ्याने नेमके तेच बटण दाबले, तर तो परत येईल तेव्हा घरच राहिलेले नसेल. शिवाय फेसबुक पेजची एकमेव चालक मी असल्यामुळे माझे खाते बंद केले तर पेजही लोकांना दिसेनासे होईल, आणि ऐन वाळवणाच्या दिवसांत ते परवडणारे नाही.

२७ ते ३० एप्रिल: निघण्यापूर्वीची कामे

सोमवारी पहिले काम पेजचे. वहिनीला माझा पासवर्ड द्यायचा नाही. तिच्या स्वतःच्या फेसबुक खात्याला पेजचे अधिकार द्यायचे, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोन्हींवरच्या ऑर्डरींचे निरोप तिला या दोन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या बिझनेस सूटमधून वाचता येतील आणि उत्तरही देता येईल. त्याच ठिकाणी आपोआप जाणाऱ्या उत्तरात तिचा ऑर्डरीचा क्रमांक लिहून ठेवायचा. गुढीपाडव्याच्या वेळी सुरू केलेली जाहिरात अजून चालू आहे का, हे न विसरता पाहायचे, कारण अ‍ॅप काढल्याने जाहिरात थांबत नाही आणि कार्डावरून पैसे जात राहतात.

मंगळवारी खात्यांची सुरक्षा. मेटाच्या Accounts Center मध्ये कोणकोणत्या उपकरणांवर लॉगिन आहे ते पाहून शाळेच्या संगणकावरचे आणि दादाच्या जुन्या टॅबवरचे लॉगिन बंद करायचे. द्विस्तरीय पडताळणी चालू करून आपत्कालीन कोड कागदावर उतरवायचे आणि तो कागद कपाटात ठेवायचा, कारण परतताना फोन नव्याने ओळख मागेल आणि कोड फोनमध्येच असतील तर फोन हरवल्यावर दोन्ही गोष्टी जातील. खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक आणि ईमेल आजचेच आहेत याची खात्री करायची. ‘फेसबुकने लॉगिन करा’ म्हणत मी कोणत्या अन्य सेवांमध्ये शिरले आहे, ती यादीही याच दिवशी पाहून त्या सेवांना स्वतंत्र पासवर्ड द्यायचा.

बुधवारी खात्यांतल्या माहितीची प्रत मागवायची. ती लगेच हाती येत नाही, तयार झाल्यावर ईमेलने कळवले जाते. म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर ढकलण्यासारखे नाही. याच दिवशी इन्स्टाग्रामवरचे मसुदे एकतर प्रसिद्ध करायचे किंवा गॅलरीत उतरवून घ्यायचे. मसुदे खात्यात नव्हे तर फोनमध्ये असतात आणि अ‍ॅपबरोबर पुसले जातात; सदाशिवगडावरच्या दोन अर्धवट रील माझ्या मसुद्यांत पडून आहेत, त्यामुळे ही बाब मला विशेष जपायची आहे.

गुरुवारी टॅगची सेटिंग बदलायची. कोणी मला टॅग केले तर माझ्या मंजुरीशिवाय ते माझ्या प्रोफाइलवर दिसू नये, अशी सोय फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे आहे. परिचयाच्या ओळीत फक्त ‘ऑर्डरसाठी फोन करावा’ एवढेच लिहायचे. ‘महिनाभर येथे नाही’ असे जाहीर करणे मला पसंत नाही, कारण मधले आठ दिवस आम्ही गुहागरला असू आणि घर बंद असेल. जवळच्या पंधरा-वीस जणांना मात्र स्वतंत्रपणे कळवायचे. मे महिन्यात ज्यांचे वाढदिवस आहेत त्यांची नावे फेसबुकवरून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर उतरवून घ्यायची, कारण एवढी वर्षे ते लक्षात ठेवण्याचे काम मी फेसबुककडेच सोपवले होते.

व्हॉट्सअ‍ॅप का राहणार

शाळेच्या सूचना आणि घरची बोलणी तिथेच होतात हे एक कारण झाले, पण दुसरे अधिक पक्के आहे. न पोहोचलेला निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर ३० दिवसच ठेवला जातो आणि नंतर काढून टाकला जातो. पाठवणाऱ्याला एकच टिक दिसत राहते, आपण गटांमध्ये सभासद म्हणून तसेच असतो, आणि तरीही महिना उलटल्यावर सुरुवातीचे निरोप कधीच हाती येत नाहीत. त्यामुळे ते अ‍ॅप राहील. फक्त शाळेचा आणि घरचा सोडून बाकी गट संग्रहात टाकून त्यांचा आवाज बंद करायचा, आणि स्टेटस पाहायचे नाहीत.

१ मे: काढण्याचा दिवस

सकाळी झेंडावंदन आणि निकालवाटप आटोपून घरी आल्यावर चारही अ‍ॅप काढायची. माझ्या फोनमध्ये फेसबुक हे फोनच्या कंपनीकडूनच बसवून आलेले आहे, त्यामुळे ते काढता येत नाही; तिथे Disable करायचे. याहून महत्त्वाचे म्हणजे फोनच्या ब्राउझरमधूनही बाहेर पडायचे, कारण पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवण्यात अर्थ नाही. लॉगिन फक्त घरच्या लॅपटॉपवर राहील. रविवार, १० मे आणि रविवार, २४ मे रोजी सायंकाळी वीस मिनिटे पाहणी करायची: लॉगिनची यादी, वैयक्तिक निरोप, मंजुरीसाठी थांबलेले टॅग, आणि लगेच बाहेर. निदान ३० दिवसांत एकदा लॉगिन करावे असे एक्स आपल्या वापरकर्त्यांना सांगते, तीही अट यात पूर्ण होते.

माझ्या पाठीमागे तिथे काय होईल

पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसणार नाही. नाव, फोटो, जुन्या पोस्ट जागेवर असतील, लोक त्यांवर लिहू शकतील, मला शोधू शकतील. मी ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका तेवढा दिसणार नाही आणि वैयक्तिक निरोप पाहणीच्या दिवसापर्यंत न वाचलेले राहतील. त्यातून कोणाला राग आला तर तो मला फोनवर कळेल. निरोप थांबून राहतात, परंतु स्टोरी २४ तासांत जाते, त्यामुळे कोणी स्टोरीत माझा उल्लेख केला तर तो माझ्यापुरता वाया गेला असे धरायचे. पुण्याला कॉलेजात असलेल्या भाचीला या आराखड्यात सामील व्हायचे आहे. तिला मी आधीच सांगितले आहे की स्नॅपचॅटवरची स्ट्रीक दोघांनी २४ तासांच्या आत स्नॅप पाठवला नाही तर तुटते. ती अजून विचार करते आहे.

फोन शांत झाला की ईमेल वाढतील: अमक्याने फोटो टाकला, इतक्या सूचना थांबल्या आहेत. त्यांच्यासाठी ईमेलमध्ये वेगळा कप्पा करायचा, पण ‘नव्या उपकरणावरून लॉगिन झाले’ असा ईमेल आला तर तो कप्प्यात जाऊ द्यायचा नाही. असा ईमेल खोटाही असू शकतो. त्यातल्या दुव्यावर न जाता लॅपटॉपवरून थेट खात्यात शिरून तपासायचे.

जाहिरातींसाठी होणारी माहितीची जमवाजमव थांबणार नाही. दुकानांची संकेतस्थळे आणि इतर अ‍ॅप त्यांच्याकडे केलेली खरेदी मेटाला कळवू शकतात आणि खाते जिवंत असल्यामुळे ती नोंद माझ्या नावाला जोडली जाऊ शकते. त्यासाठी मेटाबाहेरच्या हालचालींची सेटिंग वेगळी आहे. तिथली जुनी नोंद खात्यापासून तोडून पुढचीही जोडणी ३० एप्रिललाच बंद करायची.

आमच्या पेजवर वहिनीने आठवड्यातून एक-दोन फोटो टाकले नाहीत तर ते कमी लोकांसमोर जाईल, कारण तिथली मांडणी ताज्या मजकुराकडे झुकते. तिला वेळ नसेल तर आग्रह नाही. उन्हात पापड वाळत असताना कोणी फोटो काढत बसावे, असे मला वाटत नाही.

माझ्या फोटोचे बनावट खाते काढून ओळखीच्यांकडे पैसे मागितले गेले, असे जर कळले, तर आराखडा त्याच क्षणी बाजूला ठेवायचा. वहिनी आणि भाची आपापल्या खात्यांवरून त्या प्रोफाइलची तक्रार करतील. कोणाचे पैसे गेले असतील तर त्याने लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

मधले दिवस

दुसरा आठवडा जड जाईल असा माझा अंदाज आहे. अ‍ॅपची जी जागा होती तिथे बोट सवयीने जाईल, म्हणून त्या जागी शब्दकोशाचे अ‍ॅप ठेवले आहे. गुहागरहून फोटो टाकावेसे वाटले तर ते घरच्या गटावर टाकायचे. मधेच एखादे अ‍ॅप परत बसवले गेले तर तारीख आणि कारण वहीत लिहायचे, अ‍ॅप त्याच रात्री काढायचे आणि मोजणी पुढे चालू ठेवायची. पुन्हा एकपासून सुरुवात करायची नाही.

३१ मे: परतताना

परतणे अ‍ॅपमधून नव्हे, लॅपटॉपवरून होईल. आधी लॉगिनची यादी, मग निरोप, मग टॅग. फीड सर्वांत शेवटी. महिनाभरात जे घडले ते फीड क्रमाने दाखवणार नाही, जुन्या आवडीनिवडींवरून निवडून दाखवील. म्हणून इन्स्टाग्रामवर Following ही मांडणी निवडून फक्त ओळखीच्यांचे पाहायचे आणि सुचवलेला मजकूर नव्याने सुरू करण्याची सोय वापरायची. अ‍ॅप पुन्हा बसवले तर ते संपर्क, स्थान आणि सूचनांची परवानगी नव्याने मागेल. तिन्हींना नकार द्यायचा.

चारांपैकी कोणते परत घ्यायचे याची कसोटी आजच ठरवून ठेवते. १० आणि २४ मेच्या पाहणीत जे काम ब्राउझरमधून होऊ शकले नाही, त्याच कामासाठी लागणारे अ‍ॅप परत बसेल. इन्स्टाग्राम बहुधा बसेल, कारण रील मला फोनवरूनच करायच्या असतात. एक्सचे असे कोणतेही काम मला आज आठवत नाही.