‘न नेलेले कपडे’ : प्रकाशनाच्या निवेदनाचा नवा मसुदा

मृणालताई,

तुमचं निवेदन वाचलं. हे असंच बाहेर गेलं तर कादंबरी हातात पडण्याआधीच वाचकाला तिचा शेवट कळेल, म्हणून मसुदा मुळापासून नव्यानं लिहिला आहे. आधी तुमचा देतो, म्हणजे फरक शेजारी शेजारी दिसेल.

तुमचा मसुदा :

“कळविण्यास अत्यानंद होतो की, पाच वर्षांच्या अथक परिश्रमांनंतर माझी पहिलीवहिली कादंबरी ‘न नेलेले कपडे’ रसिकांच्या भेटीस येत आहे! पानशेतच्या त्या काळरात्रीवर मराठीत प्रथमच इतकी हृदयस्पर्शी कलाकृती! लॉन्ड्रीवाल्या अण्णांची भाची सुमन पुरातून वाचलेले कपडे परत करते आणि तिला उलगडतं एक थरारक रहस्य – वाहून गेलेले मास्तर जिवंत आहेत का? अण्णा काय लपवत आहेत? रत्नागिरीपर्यंत पोचणारा हा शोध वाचताना तुमच्या अंगावर काटा येईल. शेवट तर कल्पनेपलीकडचा! माझ्या बहिणीने एका बैठकीत वाचून काढली आणि ती रडली. प्रत्येक मराठी माणसाने वाचायलाच हवी अशी कादंबरी. अनावरण सोहळ्यास अवश्य या!”

नवा मसुदा (फेसबुकसाठी आणि ईमेलसाठी हाच) :

“‘तीस दिवसांत कपडे न नेल्यास दुकानदार जबाबदार राहणार नाही.’

नारायण पेठेतल्या एका लॉन्ड्रीत ही पाटी होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाणी दुकानात शिरलं आणि पाटी वाहून गेली. माळ्यावरचे एक्केचाळीस गठ्ठे मात्र कोरडे राहिले.

सतरा वर्षांची सुमन वही घेऊन ते गठ्ठे घरोघरी पोचवायला निघते. कुठे घर उरलेलं नाही. कुठे घर आहे, पण दार दुसराच कुणीतरी उघडतो. एक बाई इस्त्रीचा सदरा हातात घेते, घडी मोडून बघते आणि न बोलता परत देते.

एका गठ्ठ्यापुढे वहीत जे नाव आहे, तेच नाव मृतांच्या यादीतही आहे. तो गठ्ठा सुमन बाजूला ठेवते. आठवड्याभरानं त्याची पावती दुकानात येते.

पावती कोरडी आहे.

‘न नेलेले कपडे’ ही माझी पहिली कादंबरी. तिचं प्रकाशन पूर पाहिलेल्या तीन पुणेकरांच्या हस्ते होणार आहे. मी सुरुवातीची काही पानं वाचून दाखवीन, मग ते तिघं त्या दिवसाबद्दल बोलतील. तुमच्या घरात कुणी तो पूर पाहिला असेल तर त्यांना नक्की घेऊन या.

शनिवार, १२ जुलै २०२५, संध्याकाळी ६ वाजता
पत्रकार भवन, गांजवे चौक, नवी पेठ, पुणे
चहा ५.३० पासून. प्रवेश सर्वांना खुला.

पाने २६४, किंमत ४०० रुपये. ११ जुलैपर्यंत नोंदवल्यास ३०० रुपये. प्रत हवी असल्यास याच संदेशाला उत्तर द्या.

– मृणाल”

आता काय आणि का बदललं ते.

गोष्ट कुठे थांबवायची, याची रेघ आम्ही पान ३८ वर मारली. पावती दुकानात येते ती पान ३६ वर. त्यापुढचं काहीही निवेदनात नाही. दुकानात उभ्या उभ्या पुस्तक चाळणारा माणूस तेवढं वाचूच शकतो, म्हणून तिथपर्यंतचं सांगितलं तर कुणाचंही नुकसान नाही. तुमच्या मसुद्यातले दोन्ही प्रश्न पान १०० नंतरचे आहेत. “मास्तर जिवंत आहेत का?” असं विचारलं की वाचक लगेच ‘असणारच’ असं धरून चालतो, कारण नसतील तर कुणी विचारलं नसतं. “अण्णा काय लपवत आहेत?” या प्रश्नात तर उत्तरच आहे. पावती कोरडी आहे एवढं सांगितलं की ती कुणी आणली, कुणाच्या खिशात होती, पूर आला तेव्हा तो माणूस कुठे होता, हे प्रश्न वाचक स्वतःच तयार करतो. आपण एकही प्रश्नचिन्ह टाकायचं नाही.

निवेदनात मास्तर हा शब्दही ठेवलेला नाही. “मृतांच्या यादीतलं नाव” पुरेसं आहे. मास्तर म्हटलं की माणसाला वय, पेशा आणि चेहरा मिळतो, आणि पान ६० वर तो शाळेच्या दाखल्यातून उलगडतो त्यातली गंमत जाते. अण्णा सुमनचे मामा आहेत हेही गाळलं. वाचकाला ते पहिल्या पानावर कळेलच, पण निवेदनात मामा-भाची असं आलं की घरातलंच काहीतरी निघणार असा वास येतो.

“शेवट कल्पनेपलीकडचा” हे वाक्य सगळ्यात घातक. त्यात शेवट सांगितलेला नाही हे खरं, पण ते वाचलेला माणूस पहिल्या पानापासून गुन्हेगार शोधत बसतो. तुमच्या कादंबरीचा जीव पहिल्या शंभर पानांतल्या घरांमध्ये आहे. ती घरं तो घाईघाईनं उलटून टाकेल. “रहस्य” आणि “थरारक” याच कारणानं गेले.

रत्नागिरी कुठेही नको. फेसबुकवर तुम्ही आभाराची जी वेगळी पोस्ट लिहून ठेवली आहे, तिच्यात रत्नागिरीच्या जुन्या खानावळींची माहिती देणाऱ्यांचे आभार आहेत. ती पोस्ट प्रकाशनानंतर दोन महिन्यांनी टाका. कथानक फुटतं ते बहुतेक वेळा अशा आडवाटेनं : आभार, हॅशटॅग, मुखपृष्ठाच्या चित्रकाराची मुलाखत. चित्रकारांशी आम्ही बोलून घेतलं आहे.

काळरात्र हा शब्द वस्तुस्थितीला धरून नाही. धरण सकाळी फुटलं आणि पुण्यात पाणी दिवसाढवळ्या आलं. सभागृहात पूर पाहिलेली माणसं बसणार आहेत, त्यांच्यापुढे ही चूक गेली असती तर कार्यक्रम तिथेच गडगडला असता. मृतांचा आकडाही कुठे देऊ नका. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे आहेत आणि प्रतिक्रियांमध्ये त्यावरच वाद रंगेल, पुस्तक बाजूला पडेल. “मराठीत प्रथमच” हेही तसंच : कुणीतरी जुना दिवाळी अंक काढून दाखवतोच.

आत्मप्रौढीबद्दल फार लिहीत नाही. कष्ट, अश्रू, बहीण आणि “प्रत्येक मराठी माणसाने” या चारही गोष्टी वाचकाला काय वाटायला हवं ते आधीच ठरवून टाकतात. “हृदयस्पर्शी” हे परीक्षकानं लिहावं. बहिणीचं मत खरं असेलही, पण वाचणाऱ्याला ती बहीण आहे एवढंच दिसतं. “माझी पहिली कादंबरी” हे मात्र मुद्दाम ठेवलं आहे. विशेषणाशिवाय लिहिलं की त्यात बढाई राहत नाही, उलट लोक पहिल्या पुस्तकाला जरा सांभाळून घेतात. आणि पुतळ्याचं अनावरण होतं, पुस्तकाचं प्रकाशन.

पाटीचं वाक्य अगदी वर आहे, कारण फोनवर ‘आणखी वाचा’च्या आधी जेमतेम दोन-तीन ओळी दिसतात. त्या ओळींत “कळविण्यास अत्यानंद होतो” आलं तर उरलेलं कुणी उघडत नाही. वेळ, वार, स्थळ वेगळ्या ओळींवर ठेवा, परिच्छेदात मिसळू नका. तुमच्या चित्रावर १३ जुलै, शनिवार असं छापलं आहे. १२ जुलै करा. पुराची तारीख आणि कार्यक्रमाची तारीख एकच आहे हे वाचकाला आपोआप दिसू द्या, सांगू नका.

व्हॉट्सॲपसाठी छोटा मजकूर. मुखपृष्ठाच्या चित्राखाली हाच टाका, तुमचं पूर्ण नाव चित्रावर आहेच :

“१९६१. पुराचं पाणी ओसरल्यावर नारायण पेठेतल्या लॉन्ड्रीत एक्केचाळीस गठ्ठे कोरडे सापडतात. सुमन ते परत करायला निघते. एका गठ्ठ्याचा मालक मृतांच्या यादीत आहे. त्याची पावती घेऊन कुणीतरी दुकानात येतं.
‘न नेलेले कपडे’ – माझी पहिली कादंबरी. प्रकाशन शनि. १२ जुलै, सं. ६, पत्रकार भवन, नवी पेठ. पूर पाहिलेल्यांना सोबत आणा. – मृणाल”

यात “पावती कोरडी आहे” नाही, ते पोस्टसाठी राखलं आहे. दोन्हीकडे तेच वाक्य आलं की दुसऱ्या वेळी त्याचा काटा बोथट होतो.

निवेदकासाठी, मंचावरून म्हणायला :

“या कादंबरीत काय घडतं ते मी सांगणार नाही. लेखिका सुरुवातीची पानं वाचतील. त्यात एक वही आहे, तिच्याकडे लक्ष ठेवा.”

निवेदक उत्साहानं कथासार सांगतात, हा नेहमीचा धोका. म्हणून त्यांना कादंबरी न देता एवढाच कागद द्या. तुम्ही पान ९ ते १३ वाचा. पाच पानं, सावकाश वाचली तर बारा-तेरा मिनिटं. तुम्ही चौथं प्रकरण निवडलं होतं ते सुंदर आहे, पण त्यात मास्तरांच्या चष्म्याचा उल्लेख आहे आणि तो चष्मा शेवटी पुन्हा येतो.

प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी विचारणारच, “तो माणूस जिवंत असतो ना?” उत्तर : “सुमनलाही तेच विचारायचं होतं.” डोळा मारणारं चिन्ह लावू नका, ते ‘हो’सारखं वाचलं जातं. आधी वाचलेल्या मित्रांपैकी कुणी शेवटाबद्दल लिहिलं तर प्रतिक्रिया लपवा आणि त्यांना फोन करा, खाली वाद घालू नका.

शनिवारी २८ जूनला फक्त मुखपृष्ठ आणि पाटीची ओळ. मंगळवारी १ जुलैला पूर्ण पोस्ट. ६ जुलैला आषाढी आहे आणि १० ला गुरुपौर्णिमा, त्या दोन दिवशी शुभेच्छांच्या गर्दीत काहीही दिसणार नाही, तेव्हा गप्प राहा. व्हॉट्सॲपचा मजकूर बुधवारी ९ ला. १२ तारखेला सकाळी फक्त वेळ, पत्ता आणि नकाशाची लिंक, कथेतलं काहीही नाही.

दुरुस्त केलेलं चित्र गुरुवारी २६ जूनपर्यंत पाठवा, २७ ला वार आणि तारीख पुन्हा तपासून परत देतो.

– संपादन विभाग